प्रिस्क्रिप्शनच्या फोटोवरून औषधांचा तक्ता: कागद, कॅलेंडर की ॲप?

आई-बाबा गावी असतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि रोजच्या गोळ्यांचा तक्ता तुम्हाला करायचा असतो. तो फ्रिजवर चिकटवायच्या कागदावर करता येतो, फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकता येतो किंवा औषधांची आठवण करून देणाऱ्या ॲपमध्ये भरता येतो. यातलं काय निवडायचं हे बरंचसं त्या चिठ्ठीतल्या ओळींवरच ठरतं. म्हणून आधी चिठ्ठी नीट वाचून घ्यायची.

वाचण्यासाठी गूगल लेन्सची मदत घ्यावी का? चिठ्ठी संगणकावर छापलेली असेल तर औषधांची नावं लेन्स बऱ्यापैकी उचलतं. गोंधळ होतो तो रकान्यांचा. बऱ्याचदा डावीकडची सगळी नावं आधी येतात आणि उजवीकडचे सगळे १-०-१ खाली एका गठ्ठ्यात पडतात. कोणता आकडा कोणत्या गोळीचा हे हरवतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तर अर्ध्या गोळीची खूण, दशांशचिन्ह आणि ‘एमजी’-‘एमसीजी’मधला फरक यांवर अजिबात विसंबू नये. माझं मत असं, की लेन्सकडून फक्त नावाचं स्पेलिंग घ्यावं. मात्रा आणि वेळा फोटो मोठा करून, ओळीवर पट्टी धरावी तसं, एकेक ओळ स्वतः वाचाव्यात.

पडताळणीला दोन गोष्टी मागवा: प्रत्येक गोळीच्या स्ट्रिपचा फोटो आणि केमिस्टचं बिल. स्ट्रिपवर घटक आणि ताकद छापलेली असते. एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादं अक्षर वाढलं की औषध बदलतं: टेल्मामध्ये नुसतं टेल्मिसार्टन असतं, टेल्मा-एएममध्ये त्याच्या जोडीला ॲम्लोडिपिन, तर टेल्मा-एचमध्ये लघवी वाढवणारं औषध. फोटोत शेवटचं अक्षर पुसट असलं तर स्ट्रिपच खरं सांगते. केमिस्टने पर्यायी कंपनीची गोळी दिली असेल तर चिठ्ठी आणि स्ट्रिपवरची नावं जुळत नाहीत; तेव्हा घटक आणि ताकद जुळवायची.

बिलावरून गणित करता येतं. १-०-१ पाच दिवस म्हणजे १० गोळ्या. बिलात १५ दिसल्या तर तुम्ही वाचलेला १-०-१ कदाचित १-१-१ असेल. केमिस्ट कधी पूर्ण स्ट्रिप देतो, कधी साठा कमी म्हणून अर्धंच देतो, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही. पण आकडा जुळला नाही की दवाखान्यात किंवा केमिस्टला फोन करायचा एवढं नक्की कळतं.

आता एक नमुन्याची चिठ्ठी घेऊ. थायरॉक्सिन ५० एमसीजी १-०-०, अनशापोटी. पॅन्टोप्राझोल ४० १-०-०, नाश्त्याआधी, पाच दिवस. अँटिबायोटिक ६२५ १-०-१, जेवणाबरोबर, पाच दिवस. मेटफॉर्मिन ५०० १-०-१, जेवणानंतर. कॅल्शियम ५०० ०-१-०. व्हिटॅमिन डी३ ६०,००० आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. शेवटी पॅरासिटामॉल ५०० एसओएस.

चार गोळ्यांपुढे सकाळचा १ आहे, पण त्या एकाच वेळी घ्यायच्या नाहीत. थायरॉक्सिन नाश्त्याच्या किमान अर्धा ते एक तास आधी, पॅन्टोप्राझोल नाश्त्याआधी साधारण अर्धा तास, अँटिबायोटिक नाश्ता सुरू करताना आणि मेटफॉर्मिन खाऊन झाल्यावर. नाश्ता साडेआठला होत असेल तर तक्ता असा होतो:

सकाळी ६:३० – थायरॉक्सिन, फक्त पाण्याबरोबर
सकाळी ८:०० – पॅन्टोप्राझोल (पाच दिवस)
सकाळी ८:३० – नाश्त्याबरोबर अँटिबायोटिक (पाच दिवस), नंतर मेटफॉर्मिन
दुपारी १:०० – जेवणानंतर कॅल्शियम
रात्री ८:३० – जेवणाबरोबर अँटिबायोटिक (पाच दिवस), नंतर मेटफॉर्मिन
रविवारी दुपारी – डी३, आठ रविवार

कॅल्शियममुळे थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत किमान चार तास हवेत. इथे साडेसहा तास मिळाले. बाबांना उठायलाच आठ वाजत असतील तर सगळ्या वेळा सरकतील, तेव्हा घड्याळ घालण्याआधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. वेळा ठरल्या की तक्ता एकदा डॉक्टरांना किंवा केमिस्टला दाखवून घ्यावा.

आता निवड. चिठ्ठीतल्या थायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, कॅल्शियम या कायमच्या ओळी असतील, तर कागदाला तोड नाही. मोठ्या अक्षरात, मराठीत, प्रत्येक वेळेपुढे गोळीचा रंग-आकार आणि तारखेच्या चौकोनात बरोबरची खूण. ही खूण महत्त्वाची, कारण घरात घोळ होतो तो ‘घेतली का नाही?’ यावर, आणि मग दुसऱ्यांदा घेतली जाते. कागद ओरडत मात्र नाही, आणि पाच दिवस संपल्यावर अँटिबायोटिकची ओळ आपोआप पुसलीही जात नाही.

संपणाऱ्या आणि आठवडी ओळींसाठी कॅलेंडर सरस. गूगल कॅलेंडरमध्ये पुनरावृत्ती ‘दर रविवारी’ आणि शेवट ‘आठ वेळांनंतर’ असं ठेवता येतं. नववा रविवार येतच नाही. रोजच्या तक्त्यात आठवडी गोळी बसवणं हीच सगळ्यात धोक्याची जागा आहे. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा द्यायचं मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. अशी ओळ कागदावर लिहायचीच झाली तर वारासकट, वेगळ्या चौकटीत, लाल शाईने लिहा. स्टेरॉइडची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची असते, तेव्हाही प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र नोंद कॅलेंडरमध्ये नीट बसते. कॅलेंडरची सूचना मात्र एकदा टिंग करते आणि गप्प बसते. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी गजरच हवा.

ॲपमध्ये हे सगळं एकत्र मिळतं: गजर, ‘घेतली’ची नोंद, उरलेल्या गोळ्यांचा हिशेब आणि काही ॲपमध्ये डोस चुकला की घरच्या दुसऱ्या माणसाला निरोप. आयफोनवर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून हेल्थ ॲपमध्येच औषधांची सोय आहे. अडचण अशी, की ‘घेतली’ हे बटण ज्यांनी दाबायचं त्यांना ॲप वापरता यायला हवं. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी अनेक अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲप बंद करतात आणि गजर वाजतच नाही. त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये निर्बंधांतून वगळा, आणि पहिला दिवसभर फोन नेहमीसारखा वापरून प्रत्येक गजर वाजतो का ते पाहा.

वरच्या चिठ्ठीसाठी मी जोडी निवडेन: कायमच्या गोळ्या कागदावर, सोबत फोनच्या घड्याळातले चार रोजचे गजर (साडेसहा, साडेआठ, एक, साडेआठ), आणि अँटिबायोटिक, पॅन्टोप्राझोल, डी३ कॅलेंडरमध्ये. आई स्वतः स्मार्टफोन सराईतपणे वापरत असेल, किंवा गोळ्या आठ-दहाच्या वर असतील, तर सरळ ॲप.

एसओएसची ओळ कुठल्याच गजरात टाकू नका. ती गरज लागली तरच घ्यायची असते. गजर लावला की ती रोजची होऊन बसते. कागदाच्या तळाशी ‘ताप किंवा दुखणं असेल तरच, दोन गोळ्यांत किती अंतर, दिवसात जास्तीत जास्त किती’ एवढं डॉक्टरांना विचारून लिहा. पुढच्या भेटीच्या चिठ्ठीत नुसतं ‘सीएसटी’ दिसलं, तर त्याचा अर्थ आधीचेच उपचार चालू ठेवा. म्हणजे जुन्या चिठ्ठीचा फोटो शोधावा लागेल, तेव्हा तो तारखेसकट वेगळ्या अल्बममध्ये ठेवा.