धोरण एका पानात: कलमांच्या क्रमाने की विचारणारीच्या प्रश्नांच्या क्रमाने?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीचं लैंगिक छळ प्रतिबंधक धोरण २२ पानांचं आहे. ते एका पानावर आणायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते दोनदा केलं. गोकुळ शिरगावच्या एका मैत्रिणीवर आता हेच काम आलंय, म्हणून दोन्ही पानं शेजारी ठेवून लिहिते.

पहिलं पान धोरणाच्याच क्रमाने होतं: उद्देश, व्याख्या, समिती, तक्रार, चौकशी, शिक्षा, अपील. व्याख्यांनी पानाचा वरचा तिसरा भाग खाल्ला. कोअर शॉपमधल्या एका मावशींनी ते उभ्यानं वाचलं आणि विचारलं, "मॅडम, तक्रार कुणाकडं द्यायची, ते कुठं लिवलंय?" लिहिलेलं होतं, पण चौथ्या मथळ्याखाली, तिसऱ्या ओळीत.

दुसऱ्या पानाचे मथळे त्यांच्या प्रश्नांतूनच आले: हा छळ म्हणायचा का? कुणाला सांगायचं? किती दिवसांत? पुढं काय होतं? माझं नाव बाहेर जाईल का? सिद्ध झालं नाही तर?

खरा फरक एकेका कलमात दिसतो. २०१३ च्या कायद्याचं कलम ९ घ्या. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, "तक्रार ३ महिन्यांत, लेखी." चूक काहीच नव्हती, आणि तरीही ते वाचून एखादी बाई गप्प बसली असती. त्रास जानेवारीपासून जूनपर्यंत चालला असेल, तर तिला वाटणार की मुदत एप्रिलमध्येच संपली. प्रत्यक्षात घटनांची मालिका असेल तर ३ महिने शेवटच्या घटनेपासून मोजतात. अडचण खरी असेल तर समिती कारण लेखी नोंदवून आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. दुसऱ्या पानावर चौकटीत हे आलं:

> किती दिवसांत? शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. उशीर झाला असेल तरी या, कारण सांगा. लिहिता येत नसेल तर समिती लिहून देईल. (कलम ९)

कलम १४ मध्ये तर धोकाच आहे. "खोटी तक्रार केल्यास कारवाई" ही ओळ छोटी आणि ठसठशीत असल्यामुळे चौकटीत जाऊन बसते. पण त्याच कलमात म्हटलंय की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटी किंवा द्वेषाने केलेली तक्रार चौकशीत सिद्ध व्हावी लागते. अर्धं वाक्य छापलं की पान धमकीचं होतं. जागा नसेल तर दोन्ही भाग चौकटीबाहेर ठेवा, पण एकत्रच ठेवा.

पहिल्या पानाची बाजूही सांगते. त्यातून काही नकळत गळत नाही, मूळ धोरणाशी ताडून बघणं सोपं जातं, आणि समितीच्या सदस्यांना तेच हाताशी लागतं: चौकशी ९० दिवसांत पूर्ण, मग १० दिवसांत अहवाल, अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत मालकाची कार्यवाही. प्रश्नांच्या क्रमात मात्र जे कुणी विचारत नाही ते सुटतं. माझ्याकडून समेट सुटला होता. तो फक्त तक्रारदार बाईच्या विनंतीवरून, चौकशी सुरू होण्याआधी होतो, आणि पैशांच्या देवघेवीवर कधीच होत नाही (कलम १०). हे तिला माहीत नसेल तर "मिटवून घे" म्हणणाऱ्याचं फावतं. आता मी प्रत्येक ओळीपुढे कलम क्रमांक लिहिते आणि मूळ प्रतीत त्या कलमावर बरोबरची खूण करते. बिनखुणेचं प्रत्येक कलम परत वाचून मगच सोडते.

चौकटी तीनच ठेवा: समितीची नावं व फोन, मुदत, आणि गोपनीयता. मी सुरुवातीला सात केल्या होत्या, तेव्हा नजर कुठेच थांबत नव्हती. वर्डमध्ये चौकटीसाठी टेक्स्ट बॉक्स न घेता एका खान्याचं टेबल घ्या. मजकूर वाढला की ते त्याच्याबरोबर सरकतं. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. बसत नसेल तर ओळी कमी करा.

एकच पान लावायचं असेल तर प्रश्नांचं लावा, पंचिंग मशीनजवळ नको, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत. तिथं कुणाच्या नजरेत न येता वाचता येतं. समिती नवी असेल तर कलमांचं पान तिच्या फायलीसाठी वेगळं करा. समिती नेमल्याचा आदेश आणि छळाचे दंडात्मक परिणाम दर्शनी जागी लावणं कलम १९ नुसार मालकावर बंधनकारक आहे. आपलं पान त्याच्या जागी चालत नाही, शेजारी लावायचं. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं असते, त्यामुळे नावांच्या चौकटीखाली तारीख घाला.