जादा गवंडी की जादा सुतार?

प्रकल्प-नियोजन शिकवताना दाखवतात त्या स्लाइडवरची लाल रेघ म्हणजे क्रिटिकल पाथ, एकामागून एक करावी लागणाऱ्या कामांची सर्वांत लांब साखळी; एकूण काम किती दिवसांत संपणार ते तीच ठरवते. ती समजायला कोकणातलं एक छोटं घर घेऊ. पाया १५ दिवस, चिऱ्याच्या भिंती २५, कौलारू छप्पर १२, एकूण ५२. पाया झाला की सुतार वासे-रिपा तासायला बसतो, त्याला १८ दिवस लागतात. छप्पर भिंतींसाठी थांबणारच, म्हणून सुताराकडे ७ दिवसांचा फ्लोट आहे, म्हणजे तेवढा उशीर झाला तरी घर लांबत नाही.

पाऊस तोंडावर आलाय आणि पैसे एकाच जादा माणसापुरते आहेत. सुतार वाढवला तर काम १४ दिवसांत उरकेल, फ्लोट ११ होईल, पण घर ५२ दिवसांतच. तासलेले वासे मांडवात पडून राहतील. गवंडी वाढवला आणि भिंती २० दिवसांत उठल्या, तर घर ४७ दिवसांत. माझं मत अर्थातच गवंडी.

फसगत पुढे आहे. भिंती १६ दिवसांवर आणल्या तर ४३ होतील असं वाटतं, पण होतात ४५. आता १८ दिवसांचा सुतारच लाल रेघेवर आलेला असतो, आणि दोन दिवसांचा फ्लोट भिंतींकडे जातो. म्हणून प्रत्येक बदलानंतर रेघ नव्याने काढायची. स्लाइडमध्ये नेमकं हेच राहून जातं.