दाराचा बार आणि रबरी लूप बँड: नऊ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबर ते जुलै, आठवड्यातून तीन दिवस, रत्नागिरीच्या दमट हवेत. सामान एवढंच: दाराच्या चौकटीत बसणारा सरकता बार आणि 41 इंची लूप बँडांची जोडी, एक 45 मिमी रुंद, दुसरा 32 मिमी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, पोट कमी करायचं असलेल्या आणि एकही पुल-अप न येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे लिहिलं आहे.

आधी बार. तो कुठे बसवायचा यावर बाकी सगळं अवलंबून आहे. चिऱ्याच्या भिंतीत अँकर ठोकून बार लावण्याच्या फंदात पडू नका. जांभा भुसभुशीत असतो, भोक पाडताना कडा ढासळतात आणि अँकरला पकड मिळत नाही. आमच्या दाराची चौकट फणसाची आहे. तिच्यात दोन्ही बाजूंना वाट्या स्क्रूने बसवल्या आणि बार त्या वाट्यांत टेकवला. नुसत्या दाबावर उभा राहणारा बार घेऊ नये. लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं, त्यामुळे पावसाळ्यात घट्ट असलेला बार नंतर फिरायला लागतो. वाट्या असल्या की फिरला तरी खाली येत नाही. महिन्यातून एकदा आटे आवळून घ्यायचे. बारवरच्या क्रोमला खाऱ्या वाऱ्याने चौथ्या महिन्यातच ठिपके पडले. ताकदीला बाध आला नाही, पण तळव्याला खरखर लागते.

आता मुख्य गोष्ट. बारला लटकवलेला बँड पुल-अप करताना आपल्याला वर ओढतो. ही मदत किती किलोची, हे पाकिटावर मोठ्या पल्ल्यात छापलेलं असतं. तुमच्या उंचीला, तुमच्या बारवर ती नेमकी किती, हे त्यातून कळत नाही. घरातल्या वजनकाट्यावर ते मोजता येतं. बँड बारला गाठ मारून लटकवा, खाली वजनकाटा ठेवा, एका पायावर त्यावर उभे राहा आणि दुसऱ्या पायाचा गुडघा बँडमध्ये घाला. हात बारला नुसते लावा, ओढू नका. काटा जेवढं कमी दाखवेल तेवढी बँडची मदत. बार साधारण दोन मीटरवर असेल तर उभं राहिल्यावर गुडघा जिथे येतो, जवळपास तिथेच तो लटकल्यावरही असतो, म्हणून हा आकडा कामाचा आहे.

माझं वजन तेव्हा 82 किलो. 45 मिमीचा बँड लावून काट्यावर 54 दिसलं, म्हणजे खाली लटकताना 28 किलोची मदत. मग भक्कम लाकडी बाकड्यावर काटा ठेवून, हनुवटी बारच्या वर येईल अशा उंचीवर तेच मोजलं, तर मदत जेमतेम 6 किलो. बँड ताणलेला असतो तेव्हा ओढतो, आखडला की सोडून देतो. म्हणजे तळाशी 54 किलो उचलायचे आणि शेवटच्या चार बोटांत 76. कपाळ बारपाशी पोचतं आणि तिथेच अडतं, त्याचं कारण हेच. जाड बँड घेतल्याने हे सुटत नाही, कारण तोही वरती तितकाच सैल पडतो.

दोन उपाय आहेत. गुडघ्याऐवजी पाऊल बँडमध्ये घातलं की पाय सरळ राहतो, बँड वरपर्यंत ताणलेला राहतो आणि मदत वाढते. पण पाऊल निसटलं तर बँड थेट तोंडावर येतो, म्हणून बूट घालून, बँड टाचेपुढच्या खळग्यात बसवून करावं. दुसरा उपाय जास्त उपयोगी पडला: बाकड्यावर चढून हनुवटी बारवर आणायची, बँड न लावता पाच सेकंद धरायचं, मग पाच मोजत खाली यायचं. असे चार, पुल-अपच्या सेटनंतर. पाच सेकंदांऐवजी दोनातच खाली आदळायला लागलात की त्या दिवशीचं काम संपलं.

जुलैत वजन 77 झालं आणि 32 मिमीच्या बँडवर काट्याने 61 दाखवले, म्हणजे मदत 16 किलो. मदत 28 वरून 16 वर आली, बारा किलोंची घट. हे सगळं ताकदीचं श्रेय नव्हे. पाच किलो शरीरावरूनच उतरले. तळाशी स्वतः उचललेलं वजन 54 वरून 61 झालं, खरी वाढ ही सात किलोंची. चरबी कमी करणाऱ्याने हीच वजाबाकी वहीत लिहावी. वजन घटतंय, बँड बारीक होतोय आणि हा आकडा मात्र जागीच असेल, तर पाठ सुधारलेली नाही, नुसता भार हलका झालाय.

उतरलेले पाच किलो बारमुळे गेले असंही समजू नका. वीस मिनिटांच्या अशा व्यायामात फार कॅलरी जळत नाहीत, नारळाच्या वाटणाची एक सढळ वाटी ते सगळं भरून काढते. फरक पडला तो रात्रीचा भात अर्धा केल्याने, आणि तळलेल्या बांगड्याऐवजी कमी नारळाचं कालवण किंवा कुळथाचं पिठलं घेतल्याने. बारचं काम वेगळं: वजन उतरताना स्नायू टिकवणं.

पाठीच्या ठेवणीसाठी मात्र पुल-अपपेक्षा रो, म्हणजे बारखाली उताणं लटकून छाती वर ओढणं, महत्त्वाचा. पुल-अपमध्ये काम करणारा पाठीचा मोठा लॅट स्नायू दंड आतल्या बाजूलाही फिरवतो. आधीच खांदे पुढे आलेल्या माणसाने नुसते पुल-अप केले तर खांद्याची पाती मागे ओढण्याचा सराव तोकडाच पडतो. म्हणून पुल-अप दोन दिवस आणि रो तिन्ही दिवस. वाट्यांची दुसरी जोडी कमरेच्या उंचीवर लावली आहे. बार तिथे आणायचा, खाली उताणं लटकायचं, गुडघे वाकवलेले, छाती बारकडे आणून एक सेकंद थांबायचं. आठ-आठचे तीन सेट. कोपर अंगाच्या रेषेत आला की थांबा. त्याच्यापुढे ओढलं तर खांद्याचं टोक पुढे झुकतं आणि पाती सुटतात. दुसरी चूक खुर्चीवाल्यांची खास: छाती पोचत नाही म्हणून हनुवटी पुढे काढायची. बाजूने मोबाइल ठेवून एक सेट चित्रित केला की दोन्ही चुका लगेच दिसतात. असं झालं तर गुडघे आणखी वाकवून पाय अंगाजवळ घ्या, भार कमी होतो.

नऊ महिन्यांत बाजूच्या फोटोत खांद्यांचा फरक थोडाच दिसतो, खरं सांगायचं तर मला जास्त अपेक्षा होती. चारच्या सुमाराला मानेखाली जे भरून यायचं ते मात्र आता येत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर पुल-अप दोन आठवडे निम्म्यावर आणा. हाताला मुंग्या येत असतील तर बार सोडून आधी डॉक्टरांकडे जा.

बँडांचं आयुष्य इथे कमी. अंगाला खोबरेल लावून कधीही वापरू नका, तेलाने रबर चिकट होतं आणि मऊ पडतं. ऊन आणि ओल दोन्हीपासून दूर, टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवावेत. जुना 45 मिमीचा बँड जुलैत काट्यावर 28 ऐवजी 25 किलोच मदत देत होता. दर दोन महिन्यांनी मोजलं नाही, तर बँड सैल पडल्याचा दोष आपण दंडाला देतो. कडेला नखाएवढी चीर दिसली त्या दिवशी तो बँड गुडघ्याखालून काढला, आता माडाच्या झावळ्या बांधायला वापरतो.