गृहकर्ज फेडल्यानंतर: बेबाकी दाखला, मूळ कागदपत्रे आणि सातबाऱ्यावरचा बोजा (आठ महिन्यांनंतरचा अनुभव)

सांगलीजवळ बुधगाव येथील बिनशेती प्लॉटवर घर बांधण्यासाठी मी 2014 साली एका बँकेकडून 15 लाख रुपयांचे गृहकर्ज घेतले होते, आणि मुदत संपण्यापूर्वीच 10 फेब्रुवारी 2025 रोजी ते पूर्ण फेडले. त्यानंतर बेबाकी दाखला मिळवणे, मूळ दस्त परत घेणे आणि सातबाऱ्यावरील बोजा कमी करून घेणे या तिन्ही कामांना मिळून जवळजवळ तीन महिने लागले. बेबाकी दाखल्याला आमच्याकडे सर्रास निल दाखला किंवा नो ड्यूज म्हणतात, आणि तो हातात पडला की कर्जाचा विषय मिटला असे समजणारे अनेक जण मला या काळात भेटले. खाते निरंक झाल्याची कबुली देणे एवढेच त्या दाखल्याचे काम असते. दस्त परत मिळाले आहेत की नाहीत आणि महसुली दप्तरातली नोंद उतरली आहे की नाही, याबद्दल त्यात एक अक्षरही नसते.

रक्कम भरण्याआधी मी शाखेकडून कर्जखाते बंद करण्यासाठीचे देय रकमेचे विवरणपत्र लेखी मागून घेतले. त्यात शिल्लक मुद्दल 2,86,410 रुपये होते, दर दिवसाला साधारण 71 रुपये व्याज लागत होते आणि शेवटच्या ओळीत 590 रुपयांचा एक आकार दाखवला होता. चौकशी केल्यावर कळले की 2019 साली माझा एक हप्ता परत गेला होता, त्याचा हा 500 रुपयांचा दंड आणि त्यावरचा जीएसटी. ही ओळ नजरेतून सुटली असती तर मोठी रक्कम भरूनही खाते 590 रुपयांसाठी उघडेच राहिले असते, आणि खाते पूर्ण फिटलेले नसल्यामुळे कागदपत्रे परत करण्याची मुदतही सुरू झाली नसती. म्हणून तो आकार धरूनच मी एकरकमी आरटीजीएस केले. तारीखही जाणूनबुजून 10 निवडली, कारण माझा हप्ता 5 तारखेला कापला जात असे. तो वजा झालेला पासबुकात पाहिल्यावरच मी उरलेली रक्कम भरली. त्याच दिवशी हप्ता कापण्याची नॅचची सूचना रद्द करण्याचा वेगळा अर्जही दिला, कारण खाते बंद झाल्यावर ती आपोआप थांबेलच असे गृहीत धरण्याची माझी तयारी नव्हती.

बेबाकी दाखला आठव्या दिवशी मिळाला. त्यावर नाव, कर्जखाते क्रमांक आणि खाते बंद झाल्याची तारीख एवढाच मजकूर होता. सहकर्जदार म्हणून पत्नीचे नाव त्यात नव्हते, ते मी लगेच घालून घेतले.

कागदपत्रांसाठी मात्र वाट पाहावी लागली. दस्त शाखेत नसतात, ते बँकेच्या मध्यवर्ती साठवणुकीच्या ठिकाणी असतात आणि मागणी गेल्यावर तिथून येतात. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे, 1 डिसेंबर 2023 पासून ज्या कर्जांची कागदपत्रे परत करण्याची वेळ येते, त्या वैयक्तिक कर्जांचे सर्व मूळ दस्त पूर्ण परतफेडीपासून 30 दिवसांत परत करणे आणि नोंदणीसंस्थेकडे नोंदवलेला भार काढणे बँकेवर बंधनकारक आहे. वैयक्तिक कर्जाच्या या व्याख्येत गृहकर्जही येते. उशीर बँकेच्या बाजूने झाला असेल तर प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. माझ्या बाबतीत 30 वा दिवस 12 मार्च हा होता. अर्जात मी ती तारीख लिहिली, दस्त कोणत्या शाखेत हवेत तेही लिहिले (ही निवड कर्जदाराची असते) आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घेतली. तोंडी मागणीच्या जोरावर पुढे काहीही सिद्ध करता येत नाही.

11 मार्चला आम्हा दोघांना बोलावणे आले. सहकर्जदारासह सर्वांनी मूळ ओळखपत्र घेऊन हजर राहावे, अशी त्यांची अट होती. टेबलावर लाखेची मोहोर असलेले जाड पाकीट आणि शेजारी आधीच छापून ठेवलेली पावती होती, ज्यात “वरील सर्व मूळ कागदपत्रे मिळाली” असे वाक्य होते. अधिकाऱ्यांनी पावती आधी पुढे सरकवली. मी ती बाजूला ठेवली आणि 2014 साली दस्त जमा करताना बँकेने शिक्का मारून दिलेली यादी पिशवीतून काढली. ही यादी अकरा वर्षे जपून ठेवली होती, याचा मला त्या दिवशी फार उपयोग झाला. ज्यांच्याकडे ती नसेल, त्यांनी शेवटची रक्कम भरण्यापूर्वीच बँकेकडून तिची प्रत मागून घ्यावी, कारण पाकीट उघडल्यानंतर आत काय असायला हवे होते हे सांगणारे दुसरे काहीच आपल्या हातात नसते.

यादीत पाच नोंदी होत्या: माझे खरेदीखत सूची क्रमांक दोनसह, नोंदणीची पावती, पूर्वीच्या मालकाचे 1998 चे मूळ खरेदीखत, बिनशेती आदेश, आणि बांधकाम परवाना मंजूर नकाशासह. माझे खरेदीखत पानापानाने मोजले. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्येक पानावर दस्त क्रमांक आणि पान क्रमांक यांचा शिक्का मारलेला असतो, त्यामुळे मधले पान गळले असेल तर ते लगेच लक्षात येते. शिक्क्याची शाई कागदात मुरलेली आहे का आणि अंगठ्याचे ठसे खरे आहेत की झेरॉक्सचे, हेही पानाची मागची बाजू उजेडाकडे धरून पाहिले. नकाशा घडीवर थोडा विरला होता, पण शाबूत होता. पाकिटात 1998 चे खरेदीखत नव्हते. त्याच्या जागी त्याच दस्ताची झेरॉक्स प्रत होती.

अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की तो दस्त मागून येईलच, तुम्ही तूर्त पावतीवर सही करा. त्यांचा हेतू वाईट नव्हता, याची मला खात्री आहे. पण त्या छापील वाक्याखाली सही झाली असती तर बँकेच्या दप्तरी सर्व दस्त 29 व्या दिवशी परत झाले, अशीच नोंद राहिली असती. प्लॉटच्या मालकीची साखळी दाखवणारा तो दस्त आहे, आणि उद्या घर विकायचे किंवा त्यावर पुन्हा कर्ज काढायचे म्हटले तर वकील आधी तोच मागतील. म्हणून मी पावतीवर “सर्व” हा शब्द खोडून, स्वतःच्या अक्षरात “अनुक्रमांक 3 चे मूळ खरेदीखत मिळालेले नाही, केवळ छायाप्रत मिळाली” असे लिहिले, आम्ही दोघांनी सह्या केल्या, अधिकाऱ्यांची सही व शिक्का घेतला आणि त्या पावतीची प्रत बरोबर आणली. या सगळ्यात चाळीस मिनिटे गेली आणि मागे दोघे जण ताटकळत होते, तरीही घाई केली नाही.

मूळ खरेदीखत 2 एप्रिलला हातात आले. साठवणुकीच्या ठिकाणी ते दुसऱ्याच फाईलमध्ये गेले होते. म्हणजे 12 मार्चनंतर 21 दिवसांचा उशीर झाला, आणि परिपत्रकाप्रमाणे त्याची भरपाई 1,05,000 रुपये होत होती. मी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना 5 एप्रिलला लेखी मागणी पाठवली. पहिल्या उत्तरात, दस्त 11 मार्चलाच परत दिले आहेत, असे कळवण्यात आले. त्याला मी शेरा असलेली पावती जोडून उत्तर दिले. दुसऱ्या उत्तरात, दस्त गहाळ झाल्यास बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, असा मुद्दा आला. ही जादा मुदत खरोखरच परिपत्रकात आहे, पण ती दस्त हरवल्यास किंवा खराब झाल्यास, बँकेने स्वतःच्या खर्चाने त्याची प्रमाणित प्रत मिळवून देण्यासाठी आहे. माझा दस्त हरवला नव्हता, तो मूळ स्वरूपातच परत आला होता. 30 दिवसांत समाधान न झाल्यामुळे मे महिन्यात मी cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार नोंदवली, आणि तिची चौकशी चालू असतानाच जूनमध्ये बँकेने पूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा केली. येथे एक मर्यादा सांगायला हवी. गृहवित्त कंपनीचे कर्ज असेल तर परिपत्रक तिलाही लागू आहे, पण तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे करावी लागते. आपल्या जिल्ह्यात ज्यांची कर्जे पतसंस्थांकडे आहेत, त्यांना हे परिपत्रक लागूच होत नाही, त्यांचा विषय सहकार खात्याच्या निबंधकांकडे जातो.

सातबाऱ्याचे काम याच काळात चालू होते. इतर हक्काच्या रकान्यात बँकेचे नाव, 15,00,000 रुपयांचा बोजा आणि फेरफार क्रमांक अशी नोंद होती. बेबाकी दाखला घेऊन मी तलाठी कार्यालयात (आताचे ग्राम महसूल अधिकारी) गेलो, तर त्यांनी तो परत केला. दाखल्यावर फक्त कर्जखाते क्रमांक आहे, गट क्रमांक नाही, मग कोणत्या जमिनीवरचा बोजा उतरवायचा, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. बँकेकडून त्यांच्या नावे वेगळे पत्र आणावे लागले, ज्यात गावाचे नाव, गट क्रमांक, दोन्ही कर्जदारांची नावे, बोज्याची रक्कम आणि मूळ फेरफार क्रमांक होता. शाखेच्या ठरावीक नमुन्यात यातले निम्मे नव्हते. चालू सातबारा समोर ठेवून मजकूर लिहून घेतल्यावर काम झाले. ते पत्र जोडून 7 एप्रिलला ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज केला, नोटिशीची 15 दिवसांची मुदत गेली, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. त्यानंतर 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला आणि बोज्याची नोंद उतरली असल्याची खात्री करून घेतली. ज्यांची मिळकत नगर भूमापन हद्दीत आहे, त्यांना हेच काम मालमत्ता पत्रकासाठी नगर भूमापन कार्यालयात करावे लागते.

शेवटी सिबिलचा अहवाल काढला. खात्यासमोर थकबाकी शून्य आणि ‘क्लोज्ड’ असा शेरा होता. तडजोडीने मिटवलेल्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ असे येते, आणि पूर्ण फेडलेल्या खात्यावर तो शेरा चुकून पडला असेल तर लेखी दुरुस्ती मागावी लागते. पाकीट, शेरा लिहिलेली पावती, बँकेचे तलाठ्यांच्या नावचे पत्र आणि नवा सातबारा हे सगळे आता एकाच फाईलमध्ये आहे, आणि 2014 ची ती यादी सर्वांत वर लावली आहे.