शिंपला धुताना: साधं पाणी की ब्लीच?

फोटोवरून ओळख पटवायची असेल, तर साधं पाणी बरं. आर्क शिंपल्याचंच बघा. बाहेरून त्याच्यावर तपकिरी, केसाळ साल असते आणि आत सरळ बिजागरीवर कंगव्यासारखे बारीक दात ओळीने असतात. ओळख या दोन खुणांवरच ठरते. शिंपला रिकामा असल्याची खात्री करून तो दिवसभर गोड्या पाण्यात ठेवा, मग मऊ टूथब्रशने वाळू काढा. साल सुटू लागली की ब्रश थांबवा. शेजारी पट्टी ठेवून बाहेरचा आणि आतला असे दोन फोटो घ्या. बहुतेक जण आतला विसरतात, आणि नेमके दात त्यातच दिसतात.

ब्लीचने शेवाळ आणि वास झटपट जातो, पण सालही विरघळते. जोडशिंपल्याची बिजागरी सैल पडून दोन्ही झडपा सुट्या होतात. ब्लीच वापरायचंच असेल तर आधी फोटो काढा, निम्मं पाणी घाला, हातमोजे घाला आणि दर थोड्या वेळाने बघत राहा. व्हिनेगर मात्र त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नुसतं व्हिनेगरही नको: शिंपला चुन्याचा, त्यामुळे बुडबुडे येऊन चकाकी झिजते.