साडेसात एचपी काढून दहा एचपीची मोटर बसवली, आठ महिन्यांनंतर क्विंटलमागे किती युनिट जातात

आमची दगडाची गिरणी, दळण बहुतेक गव्हाचं, थोडं ज्वारी-बाजरीचं. मोटर मोठी घेऊ नको, बिल वाढेल असं सगळे सांगत होते म्हणून मोटरच्या लाईनवर वेगळा थ्री फेज सबमीटर बसवून घेतला आणि तेव्हापासून पोतं वजन करूनच दळतोय. दगड, पट्टा, पुली जुनंच ठेवलंय, फक्त मोटर बदलली.

साडेसातवर तासाला साधारण ८५ किलो गहू निघायचा आणि मोटर ६.४ किलोवॅट ओढायची, म्हणजे क्विंटलला साडेसात युनिट. दहावर १२० किलो निघतो, ओढते ८.२ किलोवॅट, म्हणजे ६.८ युनिट. तासाचं मीटर जास्त पळतं हे खरंय पण क्विंटलचं कमीच पडतं, कारण दगड, पट्टा आणि बेअरिंग नुसते फिरवायला जी वीज लागते ती आता जास्त दाण्यावर वाटली जाते. मंजूर लोड वाढवावा लागला त्याचा स्थिर आकार मात्र महिन्याला वाढला, तो धरून माझं युनिट साधारण दहा रुपयाला पडतं, म्हणजे क्विंटलला ६८ रुपये.

हा हिशोब सलग पोती दळली तरच जमतो बरं का. गिऱ्हाईक डबे घेऊन येतं तेव्हा वेगळंच होतं. परवा तीन तास मोटर चालू होती आणि दळलं फक्त दीड क्विंटल, म्हणजे प्रत्यक्ष दळण सव्वा तासाचं, बाकी पावणेदोन तास दगड रिकामाच फिरला. रिकाम्यालाही दीड किलोवॅट लागतात, त्यामुळे एकूण जवळपास १२.८ युनिट गेले, क्विंटलला साडेआठ! आता पाच-सहा डबे जमले की मगच स्टार्टर दाबतो, बायका थोडं थांबतात, काही बोलत नाहीत.

दुसरी गोष्ट टाकीची, म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडण्याची. दगड गुळगुळीत झाला की पीठ हाताला चटका लागेल एवढं गरम येतं आणि अ‍ॅमीटर साडेतेरा-चौदाच्या वर सरकायला लागतो. मग दाण्याची धार कमी करावी लागते, तासाला १०० किलोच निघतात आणि क्विंटल ८.२ युनिटवर जातं. टाकी लावली की पुन्हा ६.८. म्हणजे बोथट दगडावर क्विंटलमागे चौदा रुपये जास्त जातात, मोटर कितीही चांगली असू दे. पट्टा ढिला असेल तर मात्र उलटं दिसतं, अ‍ॅम्पियर कमी, दळणही कमी आणि पुलीजवळ रबर जळाल्याचा वास, तेव्हा आधी पट्टा ताणा मग दगड बघा.

ज्यांचं सगळं दळण डब्यांचंच आहे, दिवसाला एक-दोन क्विंटल, त्यांनी दहा एचपी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, स्थिर आकाराचे पैसेच निघणार नाहीत. पोत्याचं काम असेल, हॉटेल किंवा खानावळीचं, तर जरूर घ्या, पण सबमीटर आधी बसवा.