गोदामाची मुदतवाढ मागताना: ठरावीक टक्के, निर्देशांक की टप्प्याने वाढ?

गोदामाचं लीज संपायला वर्ष-सव्वा वर्ष उरलं की भाडेकरू मालकाला पत्र लिहितो: आणखी पाच वर्षं द्या, आणि भाडं दर वर्षी किती वाढेल ते आत्ताच ठरवून टाका. मागणी साधी आहे. मालकाचं उत्तर मात्र बहुतेक वेळा 'हो' किंवा 'नाही' असं येत नाही. तीन-चार प्रस्ताव येतात, आणि प्रत्येकात टक्का वेगळा असतो. मग बैठकीत सगळ्यांची नजर त्या टक्क्यावर खिळते. माझ्या मते चूक तिथेच सुरू होते.

आकडे समोर ठेवून बोलू. सध्याचं, म्हणजे लीजच्या शेवटच्या वर्षाचं, वार्षिक भाडं १०० धरा. मालकाने चार पर्याय दिलेत. पहिला: वाढीव मुदतीच्या पहिल्या वर्षी १०४ आणि पुढे दर वर्षी ४ टक्के. दुसरा: 'बाजारभावाशी जुळवून' पहिल्या वर्षी १०९, पुढे फक्त ३ टक्के. तिसरा: पहिल्या वर्षी १०४, पुढे महागाई निर्देशांकाप्रमाणे, पण कुठल्याही वर्षी २ टक्क्यांहून कमी नाही आणि ६ टक्क्यांहून जास्त नाही. चौथा: १०४ वर तीन वर्षं काहीच वाढ नाही, चौथ्या वर्षी एकदम १५ टक्के.

| वर्ष | पहिला (४%) | दुसरा (३%) | तिसरा (निर्देशांक) | चौथा (टप्पा) |
|---|---|---|---|---|
| १ | १०४.० | १०९.० | १०४.० | १०४.० |
| २ | १०८.२ | ११२.३ | ११०.२ | १०४.० |
| ३ | ११२.५ | ११५.६ | ११५.८ | १०४.० |
| ४ | ११७.० | ११९.१ | ११९.२ | ११९.६ |
| ५ | १२१.७ | १२२.७ | १२१.६ | ११९.६ |
| एकूण | ५६३.३ | ५७८.७ | ५७०.८ | ५५१.२ |

तिसऱ्या रकान्यात मी वाढ ६, ५, ३ आणि २ टक्के अशी धरली आहे. ती नुसती एक शक्यता आहे, अंदाज नव्हे.

आता पहिले दोन रकाने शेजारी शेजारी वाचा. ३ टक्क्यांचा प्रस्ताव ४ टक्क्यांच्या प्रस्तावापेक्षा पाचपैकी पाचही वर्षं महाग आहे. एकाही वर्षी तो स्वस्त होत नाही, आणि पाच वर्षांत साधारण पंधरा जास्त जातात, म्हणजे जवळपास पावणेदोन महिन्यांचं भाडं. तरीही 'चारावरून तीनवर आणलं' असं सांगून भाडेकरूकडची माणसं खूश होऊन बाहेर पडताना मी पाहिली आहेत. पाच वर्षांच्या मुदतीत टक्क्यापेक्षा सुरुवातीचा आकडा जड असतो, कारण तो आकडा पाचही वर्षं भरावा लागतो. टक्क्यातला फरक हळूहळू साचत जातो. एक कामचलाऊ हिशेब सांगतो: १०३ पासून ३ टक्के आणि १०० पासून साडेचार टक्के, यांची पाच वर्षांची बेरीज जवळजवळ सारखी येते, दोन्हीकडे ५४७ च्या आसपास. म्हणजे सुरुवात तीनाने खाली आणता आली, तर टक्क्यात दीडाने सूट दिलीत तरी बेरजेत नुकसान नाही. फक्त पाचव्या वर्षी साडेचारवाला ११९ वर उभा असतो आणि तीनवाला ११६ वर. पुढची मुदतवाढ त्याच पायरीवरून सुरू होणार असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

टक्का मूळ भाड्यावर सरळ की आधीच्या वर्षाच्या भाड्यावर चक्रवाढ, यावरूनही बरीच घासाघीस होते. १०० वर ४ टक्के सरळ धरले तर पाच वर्षांचे ५४० होतात, चक्रवाढीने ५४१.६. दहा वर्षांचं लीज असेल तर हा फरक वीसपर्यंत जातो आणि तेव्हा भांडायला अर्थ आहे. पाच वर्षांसाठी तिथे दम घालवू नका.

टप्प्याचा चौथा पर्याय बेरजेत सगळ्यात स्वस्त दिसतो, आणि तो खरंच स्वस्त आहे. 'तीन वर्षांनी १५ टक्के म्हणजे वर्षाला ५ टक्केच की' हे वाक्य फसवं आहे. पाच वर्षांची बेरीज काढली तर तो वर्षाला जेमतेम २.९ टक्क्यांच्या बरोबरीचा निघतो, कारण पहिली तीन वर्षं तुम्ही जुन्याच भाड्यावर बसलेले असता. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. एक, चौथ्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात बिल एकदम वाढतं, आणि तोपर्यंत वाढीची सवय मोडलेली असते. त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ती रक्कम कुणी धरायला विसरलं की गोदाम सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर खापर. दोन, मुदत कुठे संपते यावर सगळं अवलंबून आहे. पाच वर्षांवर संपली तर वाढीव भाडं दोनच वर्षं भरावं लागतं. सहाव्या वर्षानंतरही त्याच अटींवर राहिलात तर सातव्या वर्षी पुढचे १५ टक्के उभे असतात. म्हणून हा पर्याय घ्यायचा तर मुदतीचा शेवट आणि टप्प्याची तारीख एकत्र ठरवा. मालकाला हे कळत नाही असं समजू नका. तो टप्पा तिसऱ्या वर्षावर ओढायचा प्रयत्न करेल.

निर्देशांकाचा पर्याय खरा विचार करायला लावतो. पत्रात तुम्ही 'वाढ आधी कळली पाहिजे' असं लिहिलंय, आणि हा पर्याय आधी आकडा सांगत नाही, हद्द सांगतो. ती हद्द किती रुंद आहे ते बघा. सगळी वर्षं २ टक्के धरली तर पाच वर्षांचे ५४१, सगळी वर्षं ६ टक्के धरली तर ५८६. मधलं अंतर ४५, म्हणजे पहिल्या वर्षाच्या दराने सव्वापाच महिन्यांचं भाडं. ४ टक्क्यांचा पक्का पर्याय या पट्ट्याच्या बरोब्बर मध्यावर येतो. तेव्हा प्रश्न असा की सव्वापाच महिन्यांच्या भाड्याइतकी अनिश्चितता तुमच्या धंद्याला पेलते का.

उत्तर तुमच्या गिऱ्हाइकांच्या करारात असतं. तुम्ही दुसऱ्यांचा माल साठवण्याचं काम करत असाल आणि गिऱ्हाइकांकडून घेता तो दर महागाई निर्देशांकाने वाढत असेल, तर भाडंही त्याच निर्देशांकाला बांधलेलं बरं. दोन्ही एकत्र वर जातात, एकत्र थांबतात. अशा ठिकाणी ठरावीक ४ टक्के घेतले आणि महागाई दीड टक्क्यावर बसली, तर उत्पन्न दीडने वाढतं आणि भाडं चारने. उलट गोदामात तुमचाच माल असेल, सुटे भाग म्हणा किंवा हंगामी साठा, आणि विक्रीचा दर बाजार ठरवत असेल, तर निर्देशांकाचा तुम्हाला काही उपयोग नाही. तिथे ठरावीक टक्का घ्या.

निर्देशांक घेतलाच तर कलम नीट वाचा. कोणता निर्देशांक, कोणत्या महिन्याचा, तो बंद झाला किंवा त्याचं आधारवर्ष बदललं तर काय, हे लिहिलेलं हवं. आणि एक बारीक वाक्य शोधा: महागाई ८ टक्के झाली आणि मर्यादा ६ ची असली, तर उरलेले २ टक्के पुढच्या वर्षी जोडायची मुभा मालकाला आहे का? ती असेल तर वरची मर्यादा नावापुरती उरते. आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना आणखी एक काम वाढतं: ठरावीक वाढ लीजच्या देण्यात सुरुवातीलाच धरली जाते, तर निर्देशांकाने भाडं बदललं की ते देणं प्रत्येक वेळी नव्याने मोजावं लागतं.

चारही पर्यायांना सारखाच लागू होणारा एक खड्डा आहे. वाढीचा टक्का फक्त मूळ भाड्याला लागतो, पण तुम्ही भरता त्यात देखभाल शुल्क, विमा, मालमत्ता कर हेही असतात. एकूण १०० मध्ये मूळ भाडं ८० आणि बाकीचं २० असेल, भाडं ३ टक्क्यांनी वाढलं आणि बाकीचं १० टक्क्यांनी, तर तुमचं बिल १०४.४ होतं. कागदावर ३, खिशातून ४.४. त्यामुळे मुदतवाढीच्या पत्रात देखभाल शुल्कालाही वार्षिक मर्यादा मागा. विमा आणि कर मालकाच्या हातात नसतात, तिथे तो मर्यादा देणार नाही आणि मागण्यातही फारसं हशील नाही.

मालक ऐकेल का? त्याच्या बाजूचं गणित मांडून बघा. तुम्ही ४ ऐवजी साडेतीन टक्के मागितलेत तर पाच वर्षांत त्याचं ५.६ जातं. गोदाम एक महिना रिकामं राहिलं तर ८.७ जातं, दलाली आणि डागडुजी वेगळी. रॅक काढल्यावर जमिनीत बोल्टांची जी शेकडो भोकं उरतात ती बुजवायचा खर्च करारानुसार तुमचा असतो, पण भोकं बुजवून नवा भाडेकरू येईपर्यंतचे महिने त्याचे असतात. अर्थात, आसपास गोदामांना रांग लागलेली असेल तर हे गणित त्याला हलवणार नाही. आणि तुमच्याही डोक्यावर रॅक सोडवणं, हलवणं, पुन्हा बसवणं हे ओझं आहे, ते त्याला माहीत असतं. म्हणून पत्र लवकर जायला हवं. मुदत संपायला तीन महिने उरले की तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही हे त्याला न सांगता कळतं.

पत्र लिहिण्याआधी जुन्या लीजमध्ये मुदतवाढीचा हक्क आधीच दिलेला आहे का ते तपासा. असेल तर त्याला नोटीशीची खिडकी असते, समजा 'मुदत संपण्याआधी १२ ते ९ महिने'. ती हुकली की हक्क गेला, उरते ती विनंती. आणि त्या हक्कात भाडं 'त्या वेळच्या बाजारभावाने' असं लिहिलेलं असेल, तर तुम्हाला हवी ती निश्चितता त्यात मुळीच नाही. तेव्हा हक्क वेळेत बजावा आणि त्याच वेळी ठरावीक वाढीची बोलणी वेगळी चालू करा.

आमच्या एका करारात 'दर वर्षी ४ टक्के वाढ' एवढंच लिहिलं होतं. मालकाने वाढ करारावर सही झालेल्या तारखेपासून मोजली, आम्ही भाडं सुरू झालं त्या तारखेपासून. मधे साडेचार महिन्यांचं अंतर, कारण बांधकाम रखडलं होतं. शेवटी फरक अर्धा अर्धा वाटून घेतला, पण त्यात दोन्हीकडच्या हिशेबनिसांचा एक अख्खा आठवडा गेला. तेव्हापासून मी कलम असं मागतो:

"पहिल्या वाढीव वर्षाचं मासिक मूळ भाडं अमुक रक्कम. त्यानंतर दर वर्षी अमुक तारखेला, लगेच आधीच्या महिन्याच्या मूळ भाड्यावर ४ टक्के वाढ. सोबतच्या तक्त्यातील मासिक रकमा अंतिम समजाव्यात."

त्या तक्त्यात साठही महिन्यांच्या रकमा, पूर्णांकात, दोघांच्या सहीने.